वेतोबाच्या चपला आणि नवसाची उधारी

वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीला वेतोबाच्या देवळात गेलेल्या माणसाची नजर मूर्तीवरून आधी खाली जाते. तिथे चपलांचे जोड ठेवलेले असतात. चामड्याच्या, जाड तळाच्या आणि माणसाच्या पावलाला कुठूनही न बसणाऱ्या मोठ्या चपला. त्यांच्याबरोबर केळ्यांचे अख्खे घड. कुणाच्या मुलाला नोकरी लागली, कुणाचं लग्न जमलं, कुणाचा जमिनीचा वाद मिटला, की कबूल केल्याप्रमाणे घड आणि जोड इथे येतात. वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्याच्या चपला झिजतात असं गाव मानतं. पाय झिजवणाऱ्या देवाला चपलाच द्यायच्या, यात एक सरळ तर्क आहे.

नवसाकडे बघताना लोक बहुधा 'तो फळतो की नाही' याच प्रश्नावर अडकतात. त्या प्रश्नाकडे येऊच. पण मानवशास्त्राच्या अभ्यासकाला आधी वेगळी गोष्ट दिसते: पहिल्यांदा कोण देतं? तैत्तिरीय संहितेत यज्ञाच्या संदर्भात एक मंत्र आहे, 'देहि मे ददामि ते', म्हणजे मला दे, मी तुला देतो. या देवाणघेवाणीत यजमानाची आहुती आधी अग्नीत पडते आणि फळ मागाहून येतं, आलं तर. नवसात हा क्रम उलटा होतो. भक्त फक्त शब्द देतो. काम आधी देवाने करायचं, आणि ते झाल्यावर भक्ताने मोबदला आणायचा. मधल्या काळात सगळी जोखीम देवाच्या अंगावर असते. वाण्याने वहीत नाव लिहून माल हातात द्यावा, तसा देव इथे उधारीवर व्यवहार करतो.

उधारी म्हटली की ती बुडवणाराही आलाच. म्हणूनच दक्षिण कोकणात नवस सहसा मनातल्या मनात ठेवत नाहीत, तो बोलतात. भक्त नारळ ठेवतो, गुरव किंवा मानकरी देवासमोर उभा राहून गाऱ्हाणं घालतो. गाऱ्हाण्याचा साचा साधारण असा असतो:

'बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझ्या लेकरान तुझ्याकडे नारळ ठेवल्यान आसा. तेच्या झिलाच्या नोकरीत जा काय आड येता, ता बाजूक कर. तेच्या मनातली इच्छा पुरी कर, आणि तुका जो काय जोड आणि केळ्यांचो घड बोललो आसा, ती सेवा तेच्या हातून करून घे, म्हाराजा!'

आणि भोवतीचे सगळे एका सुरात म्हणतात, 'व्हय म्हाराजा!'

या चार ओळींत कराराचं सगळं सामान आहे. मागणी काय, देणं काय, कुणाच्या नावाने, सगळं उघड सांगितलेलं आहे. 'व्हय म्हाराजा' म्हणणारे नुसता सूर देत नाहीत, ते साक्षीदार होतात. उद्या पोराला नोकरी लागली आणि देवळाच्या पायरीवर घड दिसला नाही, तर विचारणारी माणसं गावात आहेत. पण सगळ्यात सूचक आहे ते शेवटचं वाक्य. भक्त सेवा करील असं गुरव म्हणत नाही, ती त्याच्या हातून करून घे असं म्हणतो. फेडण्याची ऐपत आणि बुद्धीसुद्धा देवाकडेच मागितलेली आहे. एवढी एक मेख मारली की हा व्यवहार बाजारातला राहत नाही, कारण बाजारात कुणी धनकोकडेच परतफेडीची ताकद मागत नाही.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस याने 1925 मध्ये भेटवस्तूंवर एक निबंध लिहिला, तो आजही या विषयातला पाया मानला जातो. भेट वरवर ऐच्छिक दिसते, पण तिच्यात तीन बंधनं असतात असं त्याचं म्हणणं: देण्याचं, स्वीकारण्याचं आणि परत करण्याचं. यातलं पहिलं आणि तिसरं नवसात लगेच ओळखू येतं. अडचण आहे ती मधल्याची. देवाने स्वीकारलं हे कळणार कसं? नारळ वाढवला तर त्यातलं भकल प्रसाद म्हणून आपल्याच हातात परत येतं. नैवेद्य आपणच खातो. ओटीतला खण दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर जातो. चपला मात्र कुणी घालू शकत नाही, त्या पडून राहतात आणि कालांतराने त्यांचा तळ झिजलेला दिसतो. कोकणातल्या दमट हवेत चामड्याचं काय होतं हे ज्याने एक पावसाळा काढलाय त्याला सांगायला नको, पण भक्ताला त्या झिजेत दिसते ती पोच. देवाने वस्तू नुसती घेतली नाही, तर वापरली. आणि झिजल्या म्हणजे नव्या लागणारच, त्यामुळे हिशेब कधी पुरता मिटत नाही. मॉसच्या चौकटीत हे चपखल बसतं. पूर्ण चुकतं झालेलं देणं नातं संपवतं, थोडं शिल्लक राहिलेलं ते चालू ठेवतं.

किंमत म्हणून पाहिलं तर चपलांचा जोड आणि मुलाची नोकरी यांचा मेळ बसत नाही, आणि तो बसावा अशी कुणाची अपेक्षाही नसते. बरोबरी जिथे खरोखर तराजूने केली जाते तिथेही ती मागणीशी नसते. आंगणेवाडीला भराडी देवीच्या जत्रेत नवसाचे तुलाभार होतात. एका पारड्यात माणूस बसतो, दुसऱ्यात त्याच्या वजनाइतकी कबूल केलेली वस्तू चढते. इथे मापलं जातं ते शरीर. मूल झालं या गोष्टीची किंमत गुळात काढता येत नाही, मुलाचं वजन मात्र काढता येतं. सावंतवाडी तालुक्यात सोनुर्लीच्या माऊलीला तर वस्तूही मधून गळते. तिथे जत्रेच्या रात्री पुरुष देवळाभोवती लोटांगणं घालून नवस फेडतात, म्हणजे देण्यासारखं काही नसलेल्यालाही देता येईल असं चलन चालतं.

हा क्रम सगळीकडे असाच असतो असं मात्र नाही. याच किनाऱ्यावर उत्तरेला, मुंबईत वांद्र्याच्या माउंट मेरी चर्चला, बाहेरच्या फेरीवाल्यांकडे मेणाचे पाय, हात, घरं, बाळं मिळतात. सप्टेंबरच्या जत्रेत सगळ्या धर्मांची माणसं ती घेऊन आत जातात. गुडघा दुखतो त्याने मेणाचा पाय ठेवायचा, घर हवं त्याने मेणाचं घर. ही वस्तू आभार म्हणून देतात तशी मागतानाही देतात. मागणीचीच आकृती आधी ठेवली की काय मागितलं ते सांगावंही लागत नाही. वेतोबाच्या चपला देवाच्या गरजेच्या आकाराच्या असतात, मेणाचा पाय भक्ताच्या गरजेच्या आकाराचा असतो.

आता फळण्याचा प्रश्न. रोमन विचारवंत सिसेरोने इ.स.पू. 45 च्या सुमारास एक किस्सा नोंदवला आहे. देव न मानणारा डायागोरस सॅमोथ्रेस बेटावर गेला, तेव्हा मित्राने त्याला देवळातली चित्रं दाखवली. वादळात नवस बोलून वाचलेल्या खलाशांनी ती वाहिलेली होती. एवढी माणसं वाचली हे पाहूनही तुला देव मानावासा वाटत नाही का, असं त्याने विचारलं. डायागोरस म्हणाला, बरोबर आहे, कारण जे बुडाले त्यांची चित्रं इथे कुठेच काढलेली नाहीत. आज संख्याशास्त्र याला निवडीचा दोष म्हणतं. देवळात फक्त फळलेले नवस पोचतात. ज्याच्या मुलाला नोकरी लागली नाही तो चपला आणत नाही, कारण करारानुसार त्याच्यावर देणं येतच नाही. म्हणजे फळलेल्याची नोंद ठेवणं आणि न फळलेल्याची पुसणं हे नवसाच्या रचनेतच आहे, त्याला कुणाची लबाडी लागत नाही. शिवाय माणूस नवस बोलतो तो दुखणं किंवा अडचण टोकाला गेल्यावर, आणि टोकाला गेलेल्या पुष्कळशा गोष्टी आपोआप थोड्या मागे येतात.

यातून जबाबदारीची एक तिरकी वाटणी निघते. देवाने काम केलं नाही तर 'त्याच्या मनात नव्हतं' म्हणून विषय संपतो. भक्ताने फेडलं नाही तर विषय संपत नाही. घरात एकामागून एक आजारपण येऊ लागलं की पहिली शंका येते, कुणाचा नवस राहिला का? मग कौल लावतात. गुरव ओल्या पाकळ्या किंवा तांदूळ देवाच्या अंगावर डाव्या-उजव्या बाजूंना लावतो आणि एकेक प्रश्न विचारतो: वडलांनी बोललेला नवस राहिला का? आजोबांचा? राखणदाराचं देणं चुकलं का? उजवीकडचं पडलं तर होकार धरतात. ओलावा सुकला की चिकटपणा जातो आणि काहीतरी पडतंच. दोन्ही बाजूंची शक्यता सारखी धरली, तर पाच प्रश्नांत एकदाही उजवा कौल न मिळण्याची शक्यता 32 मध्ये 1 एवढीच उरते. शोधायला बसलेल्या घराला राहिलेला नवस बहुतेक वेळा सापडतो तो असा. पण हे गणित सांगून कौलाचं काम संपत नाही. ज्या घरात भाऊ भाऊ एकमेकांवर संशय घेत बसले असतील, तिथे दोष पणजोबांच्या विसरलेल्या नारळावर गेला तर भांडण तिथेच थांबतं.

तुकोबांनी 'नवसें कन्यापुत्र होती, तरी कां करणें लागे पती' असं रोखठोक विचारलं त्याला साडेतीनशेहून अधिक वर्षं झाली, आणि तो अभंग पाठ असलेली माणसंही नवस बोलतात. त्यांना कार्यकारणभाव कळत नाही असं मला वाटत नाही. औषध चालू असतं, अर्ज भरलेला असतो, वकील लावलेला असतो, आणि त्यावर नवसही बोललेला असतो.

अवघड होतं ते दुसऱ्याच्या नावाने बोललेल्या नवसात. आईने मुलासाठी बोललेलं असतं, कधी त्याला न सांगताच. तो मुंबईला नोकरीला लागतो, आई जाते, आणि वर्षांनी एखादी मावशी आठवण काढते की तुझा जोड द्यायचा राहिलाय हां. करार त्याने केलेला नाही, लाभ मात्र त्याला झालेला आहे. कायद्याच्या पुस्तकात याचं उत्तर शोधायला कुणी जात नाही. तो मे महिन्यात किंवा गणपतीला येतो, चपला करून घेतो, गुरवाला नारळ देतो, आणि गाऱ्हाण्यात उशिराबद्दल 'चुकला माकला माफ कर' एवढं वाढवलं जातं. व्याज लागत नाही.