लॉगिनची लिंक दाबली, तरी पट्टी उघडत नाही?

केळीची काटापावती आणि पट्टी मोबाइलवर पाहायला आपल्याकडे पासवर्ड लागत नाही. ईमेल टाकला की मेलवर लिंक येते, ती दाबली की खातं उघडतं. पण कधी कधी खात्याऐवजी ‘ही लिंक या ब्राउझरमध्ये मागवलेली नाही’ अशी लाल ओळ दिसते.

लिंक मागवता तेव्हा आमची साइट त्याच ब्राउझरमध्ये एक कुकी, म्हणजे खूण, ठेवते. मेलमधली लिंक उघडली की ही खूण तिथे आहे का, ते तपासलं जातं. नसेल तर खातं उघडत नाही.

समजा, रावेरच्या एका भाऊंनी इन्स्टाग्रामवरच्या आमच्या जाहिरातीतून साइट उघडली. ती क्रोममध्ये उघडत नाही. इन्स्टाग्राम आपल्याच खिडकीत दाखवतं आणि खूणही तिथेच राहते. ईमेल टाकून भाऊ जीमेलमध्ये गेले, लिंक दाबली, ती क्रोममध्ये उघडली. तिथे खूण नाही, म्हणून लाल ओळ. पुन्हा दाबली तर ‘लिंक वापरून झाली’. कारण लिंक एकदाच चालते, आणि ती एक वेळ पहिल्या दाबण्यातच गेली. आता तीच लिंक दहादा दाबून उपयोग नाही, नवीनच मागवावी लागते.

इन्स्टाग्राम-फेसबुकच्या खिडकीत सहसा वरच्या कोपऱ्यात फुली आणि तीन टिंबं असतात. टिंबं दाबून ‘Open in Chrome’ किंवा ‘Open in external browser’ निवडा. आता क्रोममध्ये ईमेल टाकून नवीन लिंक मागवा आणि १५ मिनिटांच्या आत सगळ्यात शेवटी आलेला मेल उघडा. अँड्रॉइडवर जीमेलमधून उघडलेल्या पानावरही फुली दिसू शकते. ती बहुधा क्रोमचीच छोटी खिडकी असते, खूण तीच वापरते. घाबरू नका.

काही फोनमध्ये कंपनीचा स्वतःचा ब्राउझर डिफॉल्ट असतो. मग तुम्ही क्रोममधून मागवलेली लिंक त्या दुसऱ्यातच उघडते. अशा वेळी मेलमधली लिंक न उघडता दाबून धरा, कॉपी करा आणि क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीत पेस्ट करा. कायमचा उपाय हवा असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये ‘Default apps’ शोधून ‘Browser app’ला क्रोम निवडा. क्रोमच्या ‘Incognito’ खिडकीतून मागवलेली लिंकही साध्या खिडकीत चालत नाही.

मेल दुसऱ्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर पाहत असाल, तर लिंकला हात लावू नका. त्याच मेलमध्ये ६ आकडी कोड असतो. जिथे ईमेल टाकला, त्याच पानावर तो टाका.

पुण्यातल्या मुलाला लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली तर ती उघडणार नाही, आणि तशी ती मुद्दामच केली आहे. चुकून भलत्या ग्रुपवर गेली तरी तुमची पट्टी कुणी पाहू नये. मुलालाही हिशोब पाहायचा असेल तर काट्यावर येऊन त्याचा ईमेल खात्याला जोडून घ्या. कोड मात्र कुणालाच सांगू नका, आमच्या माणसालासुद्धा.