वर्षाचा माल एकदाच भरावा का?

"खिळे वर्षाचे एकदाच भरून ठेवावेत, टेम्पोभाडं वाचतं."

भाडं वाचतं हे खरंच आहे. पण गोदामातला माल फुकट बसत नाही.

गुहागरकडच्या एका हार्डवेअर दुकानाचा हिशेब समजा. वर्षाचा खप १२०० किलो, खरेदीभाव ८० रुपये. चिपळूणहून माल आणायला दर खेपेला ४५० रुपये, मग वजन कितीही असो. किलोमागे वर्षाला भांडवलाचं व्याज ९ रुपये आणि खाऱ्या हवेत गंजून जाणाऱ्या मालाचे ३, म्हणजे साठवणुकीचे १२ रुपये.

आता खप आणि खेपेचा खर्च यांच्या गुणाकाराची दुप्पट करा, १२ ने भागा आणि वर्गमूळ काढा. ९०,००० चं वर्गमूळ ३००. म्हणजे एका खेपेला ३०० किलो, वर्षाला चार खेपा.

ताळा घेऊन बघा. चार खेपांचे १८०० रुपये. माल ३०० वरून शून्यावर येतो, म्हणून सरासरी साठा १५० किलो, त्याचेही १८००. एकूण ३६००. एकदाच भरलात तर भाडं ४५०, पण सरासरी ६०० किलोंचे ७२००, मिळून ७६५०. घाऊक व्यापारी किलोमागे साधारण साडेतीन रुपये सूट देत असेल, तरच ते परवडतं.

३०० ऐवजी २५० आणलेत तर वर्षाला जेमतेम ६० रुपये जास्त जातात, तेव्हा गोणीच्या मापाने आकडा बेलाशक बदला. मात्र हे गणित खप वर्षभर सारखा धरतं. आपल्याकडे पावसाळ्यात बांधकामं थंडावतात, म्हणून मे अखेरची खेप निम्मीच मागवावी.