जोडलेला म्हणजे हजर नव्हे: मीटिंग-ॲपची यादी आणि सभेचं इतिवृत्त

सभा संपली की ॲप एक फाइल देतं: कोण किती वाजता आलं, किती वाजता गेलं, एकूण किती मिनिटं होतं. चॅटचीही फाइल मिळते, त्यात सेकंदासकट वेळ असते. मग नव्याने सेक्रेटरी झालेल्याला वाटतं की हजेरी आणि मतं तयारच आहेत, आता फक्त इतिवृत्तात उतरवायची. घोटाळा इथेच होतो. ॲपची यादी सांगते की कुठलं यंत्र सर्व्हरला जोडलेलं होतं. इतिवृत्ताला सांगायचं असतं की कुठल्या विषयावर कोण ऐकत-बोलत होतं आणि त्याने काय ठरवलं.

उदाहरणासाठी एका खासगी मर्यादित कंपनीच्या संचालक मंडळाची सभा घेऊ. हीच निवडली, कारण या सभेचे नियम कागदावर आहेत: कंपनी कायदा, २०१३ आणि त्याखालचे २०१४ चे मंडळाच्या सभांविषयीचे नियम. मंडळात सात संचालक. कलम १७४ प्रमाणे कोरम म्हणजे एकूण संख्येच्या एक तृतीयांश किंवा दोन, यांतलं जे जास्त ते, आणि अपूर्णांक आला तर वरचा पूर्णांक. म्हणजे इथे तीन. व्हिडिओवरून सहभागी झालेला संचालकही कोरममध्ये धरतात. पुण्याच्या खोलीत अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक बसलेत, एक संचालक नागपूरहून आणि एक संचालिका दुबईहून जोडल्यात. चौघे झाले, कोरम भरला. सभा संपल्यावर ॲपने दिलेली यादी अशी:

```
Conf Room    11:00:12   12:31:40
Nagpur Dir   10:57:03   11:42:20
iPad         11:02:48   11:46:09
Nagpur Dir   11:49:15   12:30:55
iPad         11:50:02   12:04:11
Mobile       12:05:30   12:31:38
```

ओळी सहा, माणसं चार. पहिल्या ओळीत दोघं आहेत, कारण खोलीतला लॅपटॉप एकच. ‘iPad’ आणि ‘Mobile’ म्हणजे दुबईच्या त्याच संचालिका. नागपूरचे संचालक दोनदा दिसतात, कारण मध्ये त्यांची लाइन गेली. या ओळी मोजून कोणी ‘सहा जण उपस्थित’ लिहिलं तर निदान ते लगेच पकडलं तरी जाईल. तिसऱ्या ओळीतली चूक इतकी सहज दिसत नाही.

त्या ओळीप्रमाणे दुबईची जोडणी ११:४६ ला तुटली. सेक्रेटरीच्या वहीत मात्र लिहिलंय: ‘११:४३, मॅडमचा चेहरा थिजला. अध्यक्षांनी दोनदा हाक मारली, उत्तर नाही.’ दोन्ही नोंदी आपापल्या जागी खऱ्या आहेत. आपण स्वतः ‘Leave’ दाबून बाहेर पडलो तर सर्व्हरला तत्क्षणी कळतं. नेट असंच गेलं तर कोणी काही कळवत नाही. समोरून उत्तर येतंय का, याची सर्व्हर काही काळ वाट बघतो आणि मगच ते नाव यादीतून काढतो. तोवर खिडकीत थिजलेला चेहरा आणि यादीत नाव, दोन्ही तसंच राहतं.

या तीन मिनिटांत झालं काय, तर ११:४४ ला अध्यक्षांनी विषय ४ घेतला. बँक खात्यावर सही करणाऱ्यांत एक बदल होता, कोणाचीच हरकत येण्यासारखी नव्हती, म्हणून ‘सर्वानुमते मंजूर’ म्हणून ते पुढे निघाले. ॲपची यादी धरली तर तेव्हा खोलीतले दोन आणि iPad असे तीन होतात, कोरम शाबूत. प्रत्यक्षात नागपूर ११:४२ लाच गेलेलं आणि दुबईला ऐकू येत नाही, म्हणजे उरले दोघं. सभेच्या सुरुवातीला कोरम होता हे पुरत नाही. सभा संपेपर्यंत तो टिकतोय ना, हे पाहणं नियमाने अध्यक्षांवर टाकलंय. तेव्हा ११:४४ ची मंजुरी धरता येत नाही. सेक्रेटरीने तिथेच अध्यक्षांना थांबवलं, दोघं परत आल्यावर पुन्हा हजेरी घेतली आणि विषय ४ नव्याने मांडला. इतिवृत्तात हे असं येतं (बहुतेक कंपन्यांत ते इंग्रजीत लिहितात, इथे मराठीत देतोय):

> सकाळी ११:४२ वाजता (भारतीय प्रमाणवेळ) नागपूरहून सहभागी संचालकांचा आणि ११:४३ वाजता दुबईहून सहभागी संचालिकांचा संपर्क तुटला. कोरम न राहिल्याने कामकाज थांबवण्यात आले. ११:५१ वाजता दोघांशी संपर्क पूर्ववत झाल्याची आणि दोघांना स्पष्ट ऐकू येत असल्याची अध्यक्षांनी खात्री करून घेतली. कोरम असल्याचे जाहीर करून विषय क्र. ४ पुन्हा विचारार्थ घेण्यात आला.

यात ११:४६ कुठेच नाही. आणि परत येण्याची वेळ ११:५१ आहे, यादीतली ११:५० नाही, कारण पहिलं मिनिट ‘ऐकू येतंय का’ यातच गेलं. ‘तांत्रिक अडचणीमुळे सभेत काही काळ व्यत्यय आला’ हे आपल्याकडचं लाडकं वाक्य मी इतिवृत्तात येऊच देत नाही. कोण, कधी, कुठल्या विषयावर, हे तिन्ही त्यातून निसटतं.

दर खरखरीची नोंद करायची, असं मात्र नाही. कोणाचा आवाज पाच सेकंद तुटला तर नियम साधा आहे: अध्यक्षांनी ते बोलणं पुन्हा करायला सांगायचं. त्यांनी पुन्हा सांगितलं, सगळ्यांना कळलं, विषय मिटला. कोरम हलला, किंवा एखादा सदस्य एखाद्या विषयाच्या चर्चेला किंवा निर्णयाला मुकला, की नोंद हवीच. मंडळाच्या सभांसाठीचं सचिवीय मानक १ हेच मागतं: संचालक सभेच्या काही भागालाच असेल तर कुठल्या विषयांत तो नव्हता ते लिहा. त्याची मोजणी विषयांत आहे. ॲप मात्र मिनिटं मोजतं. ‘उपस्थिती ८६ मिनिटं’ या आकड्यावरून विषय ४ ला माणूस होता का, ते कळत नाही.

ॲपला आणखीही काही गोष्टी कळत नाहीत. दूरच्या संचालकाने सुरुवातीच्या रोल कॉलमध्ये आपलं नाव, आपण कुठून बोलतोय, विषयपत्रिका आणि कागदपत्रं मिळाली का, आणि आपल्याजवळ दुसरं कोणी ऐकत नाहीये ना, एवढं सांगायचं असतं. ‘नागपूर’ हे इतिवृत्तात येतं ते त्यांनी तोंडाने सांगितलं म्हणून. ॲपने दाखवलेलं नाव ज्याने-त्याने स्वतः टाइप केलेलं असतं. ‘iPad’ नावाचा संचालक कुठल्याच मंडळावर नसतो.

आता चॅट. विषय ५ होता जुनी मशीन विकत घेण्याचा, आणि त्यावर खरोखरच मतभेद होते. नागपूरचे संचालक म्हणाले, ‘माझा विरोध, देखभालीचा खर्च धरलेला नाही.’ दुबईच्या संचालिकांचा माइक चालेना. चॅटच्या फाइलमध्ये त्यांची ओळ अशी दिसते:

```
11:58:31  iPad: OK
```

कशाला OK? रेकॉर्डिंग ऐकलं तर ११:५८:१० ला व्यवस्थापकीय संचालक विचारतायत, ‘मॅडम, आवाज येतोय का?’ आणि ११:५८:२२ ला अध्यक्ष म्हणतायत, ‘मग मंजूर समजू का?’ ते दोन अक्षरी उत्तर पहिल्या प्रश्नाचं की दुसऱ्याचं, हे त्यांच्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. त्यातून फाइल कोणी जतन केली यावरही गोष्टी बदलतात. ती दुबईतल्या यंत्रावर जतन झाली असती तर तिथल्या घड्याळाप्रमाणे १०:२८ दिसलं असतं. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. एखाद्याने ‘मी विरोधात’ असं फक्त सेक्रेटरीला खासगी मेसेजमध्ये लिहिलं, तर ते बाकीच्यांच्या फाइलमध्ये येतच नाही. अंगठा वर केल्याचं चिन्ह तर काही सेकंदांत विरून जातं.

चॅटमधली ओळ हा मताचा पुरावा होऊ शकतो, पण ती ओळ म्हणजे मत नाही. मतदानाची वेळ आली तर नियमाप्रमाणे अध्यक्षांनी एकेकाचं नाव पुकारायचं, प्रत्येकाने आपली ओळख सांगून मत द्यायचं आणि अध्यक्षांनी ते टिपायचं. शिवाय व्हिडिओ सभेची व्याख्याच अशी आहे की सगळ्यांना मध्यस्थाविना, एकाच वेळी, एकमेकांशी बोलता आलं पाहिजे. ज्याला फक्त टाइप करता येतंय त्याचा सहभाग इथे डळमळीतच. म्हणून अध्यक्षांनी ‘OK’ वाचून दाखवलं, ते मोजलं नाही आणि संचालिकांना दुसऱ्या यंत्रावरून यायला सांगितलं. यादीत ‘Mobile’ ही ओळ आली ती अशी. नोंद झाली ती ही:

> विषय क्र. ५ वर एकमत न झाल्याने अध्यक्षांनी दुपारी १२:०७ वाजता नावे पुकारून मते घेतली. बाजूने: अध्यक्ष, व्यवस्थापकीय संचालक, दुबईहून सहभागी संचालिका (दृक्‌श्राव्य माध्यमातून, तोंडी). विरोधात: नागपूरहून सहभागी संचालक, कारण: देखभाल खर्चाचा अंदाज प्रस्तावात नाही. ठराव ३ विरुद्ध १ मतांनी संमत.

खऱ्या इतिवृत्तात पदांच्या जागी नावं येतात. विरोध करणाऱ्याचं नाव तर अध्यक्षांनी त्या विषयाच्या शेवटी निर्णयासोबत जाहीरच करायचं असतं. संचालिका परत आल्याच नसत्या तर? कोरम तिघांचा होताच, ठराव २ विरुद्ध १ ने झाला असता. त्यांच्याबद्दल मात्र ‘तटस्थ’ असं लिहिता आलं नसतं. तटस्थ राहणारा ऐकतो आणि ठरवून मत देत नाही. यांच्यापुढे ‘या विषयाच्या निर्णयात सहभागी नव्हत्या’ एवढंच लिहायचं.

मशीनपेक्षा छोट्या विषयांवर, जिथे कोणाचाच विरोध नाही, तिथे चॅटमधली संमती वाचून दाखवली आणि त्या माणसाने कॅमेऱ्यासमोर मान हलवली तर मी फार ताणत नाही. पण टाइप करायचं ते पूर्ण वाक्य असावं, ‘विषय ६, बाजूने’ असं, हे सभेच्या सुरुवातीलाच सांगून ठेवतो. (सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सभेनंतर रात्री उठणारे अंगठे ‘सभेतील मतं’ म्हणून वहीत चढवणारे मानद सचिवही पाहिलेत. ते ना सभेत, ना चॅटमध्ये.)

मग ॲपच्या फाइली फेकून द्यायच्या का? मुळीच नाही. मसुद्यावर वाद झाला की त्यांचाच आधार. मसुदा १५ दिवसांत सगळ्या संचालकांना जातो आणि तो मिळाल्यापासून ७ दिवसांत ज्याने-त्याने आपलं म्हणणं कळवायचं असतं. काहीच कळवलं नाही तर मान्य असं धरतात. समजा दुबईहून उत्तर आलं, ‘यादीत मी ११:४६ पर्यंत आहे, विषय ४ ला मी हजर होते असं लिहा.’ तर सेक्रेटरीने यादीवर वाद घालत बसू नये. ११:४३ ते ११:४६ चा रेकॉर्डिंगचा तुकडा त्यांना ऐकवावा, अध्यक्षांच्या दोन हाका आणि त्यानंतरची शांतता त्यात आहे, आणि विचारावं की ११:४४ ला काय ठरलं ते आपण ऐकलं होतं का. हे वेळेतच उरकावं लागतं. सभेपासून ३० दिवसांच्या आत इतिवृत्त मिनिट बुकात चढायला हवं. ते कायमचं राहतं. रेकॉर्डिंग मात्र निदान त्या वर्षाचं ऑडिट पुरं होईपर्यंत सांभाळा, एवढंच नियम म्हणतो.