दोन इमारतींमधील नेटवर्क जोडणी (तांबे की फायबर)

एका आवारातील दोन इमारतींचे संगणक जाळे जोडताना तांब्याची केबल घ्यावी की फायबर, हा प्रश्न बहुधा अंतरापासून सुरू होतो, पण निकाल बहुतेक वेळा अर्थिंगवर लागतो.

इथरनेटची तांब्याची केबल (कॅट-६) दोन्ही टोकांच्या पॅचकॉर्डसह १०० मीटरपर्यंतच चालवायची असते. नकाशावर ७० मीटर दिसणारे अंतर प्रत्यक्षात फसवते. केबल दुसऱ्या मजल्यावरून खाली येते, कंपाउंडच्या कडेने वळसा घेते, पलीकडे पुन्हा वर चढते, आणि ७० चे सहज ११० होतात. वाटेत पंपाच्या मोटरची वायर समांतर गेली, तर केबलमधल्या जोड्यांना पीळ असूनही खराब फ्रेम वाढू शकतात. स्विचवर खराब फ्रेम मोजणारा CRC चा आकडा मोटर चालू झाली की चढू लागतो, ही त्याची खूण. फायबरमधून प्रकाश जातो, त्यामुळे त्याला या गोंगाटाशी देणेघेणे नसते.

मुख्य धोका आकाशातून पडणाऱ्या विजेचा. समजा, एका इमारतीच्या वीजवाहकावर २०,००० अँपिअरची वीज पडली आणि तिथल्या अर्थिंगचा रोध २ ओहम आहे. त्या इमारतीची 'जमीन' क्षणभर ४०,००० व्होल्टवर जाते. शेजारच्या इमारतीचे अर्थिंग वेगळे असेल, तर ते जवळपास शून्यावरच राहते. दोघांमध्ये तांब्याची तार असली की हा फरक तिच्यातून वाट काढतो. नेटवर्क पोर्टमधल्या ट्रान्सफॉर्मरचे विलगीकरण साधारण १,५०० व्होल्टला तपासलेले असते. ४०,००० पुढे त्याचा टिकाव लागत नाही. वीज थेट न पडता जवळ कोसळली, तरी लांब तारेत झटका उमटतो. मे-जूनच्या वळवानंतर दोन्हीकडच्या स्विचचे त्याच जोडणीचे पोर्ट मेलेले, किंवा एक जोडी जळून गिगाबिटचा वेग १०० मेगाबिटवर आलेला दिसला, तर संशय इथेच घ्यावा. सर्ज अरेस्टर दोन्ही टोकांना, त्या-त्या अर्थिंगशी आखूड तारेने जोडून लावला तर नुकसान कमी होते, पण दोन अर्थिंगमधला फरक तसाच राहतो.

म्हणून वेगळे अर्थिंग असलेल्या इमारतींना ३० मीटरवरही फायबरच टाकावे. सहा धाग्यांची सिंगल-मोड केबल घेतली, तर दोन धागे वापरात आणि चार राखीव राहतात. खर्च केबलपेक्षा खोदाई आणि धागे जोडण्याच्या कामावर, म्हणजे स्प्लायसिंगवर, जास्त होतो. मात्र एक चूक वारंवार होते: उंदरांसाठी घेतलेल्या आर्मर्ड केबलचे पोलादी कवच थेट रॅकमध्ये नेले जाते. मग तेच कवच दोन इमारतींना जोडणारी तार बनते! कवच इमारतीच्या तोंडाशीच कापून अर्थ करावे, नाहीतर धातूविरहित केबल घ्यावी.

तांब्याच्या केबलसारखा फायबरमधून वीजपुरवठा जात नाही. त्यामुळे गेटवरच्या कॅमेऱ्याला तिथेच वीज द्यावी लागते, आणि त्या विजेच्या लाइनवरून येणारा झटका वेगळाच अडवावा लागतो.