गोषवाऱ्यातला निकाल प्रबंधात आहे का? बायंडिंगला देण्याआधी एवढं पाहा

फोंड्यातल्या आमच्या दुकानात प्रबंधांची मांडणी, मुद्रितशोधन आणि बायंडिंग होतं. दोनेक वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीच्या पाच प्रती आम्ही सोनेरी अक्षरांत बांधून दिल्या. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी गोषवाऱ्यातल्या एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हे अठ्ठावीस टक्के कुठल्या तक्त्यात आहेत?" ते कुठल्याच तक्त्यात नव्हते. सबमिशनच्या गडबडीत तिने गोषवारा एआयकडून काढून घेतला होता आणि वाचताना तो आपलाच वाटला होता. शुद्धलेखन आम्ही अक्षर न् अक्षर तपासलं होतं, पण तो आकडा आमच्याही नजरेखालून तसाच गेला. त्याचं आम्हाला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून गोषवारा आणि आतला मजकूर यांचा ताळा घेतल्याशिवाय आम्ही प्रत बांधत नाही. तो ताळा तुम्हालाही घरी घेता येतो.

आकडा येतो कुठून

गोषवाऱ्याचा साचा ठरलेला असतो: विषय, पद्धत, निकाल, निष्कर्ष. एआयने असे असंख्य गोषवारे पचवलेले असतात, त्यामुळे निकालाच्या जागी कसलं वाक्य शोभतं हे त्याला नेमकं कळतं. तुमच्या मजकुरात तसं वाक्य नसलं, किंवा फाईल मोठी म्हणून त्याच्यापर्यंत सुरुवातीचीच पानं पोचली, तर रिकामी जागा तो शोभेल अशा वाक्याने भरून काढतो. म्हणून हे आकडे वेडेवाकडे नसतात. ते अगदी अपेक्षित, पटण्यासारखे असतात आणि त्यामुळेच निसटतात.

वाङ्मयचौर्य तपासणारं सॉफ्टवेअर इथे कामाला येत नाही. यूजीसीच्या २०१८च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, म्हणून सगळ्यांचं लक्ष त्या टक्केवारीवर असतं. पण ते सॉफ्टवेअर दुसरीकडच्या मजकुराशी जुळणी शोधतं. नव्याने रचलेला निकाल कशाशीच जुळत नाही, त्यामुळे अहवाल स्वच्छ येतो.

एक गोषवारा तपासून पाहू

तपशील बदलून एक नमुना घेऊ. विषय सत्तरी तालुक्यातले काजू बागायतदार, प्रश्नावली १२० जणांची, सविस्तर मुलाखती १८. गोषवारा म्हणतो:

"सुमारे ६२ टक्के बागायतदारांकडे अजून जुनीच झाडं आहेत. मजुरांची टंचाई हे झाडं न बदलण्याचं प्रमुख कारण आढळलं. सुधारित कलमं लावणाऱ्यांच्या उत्पन्नात २८ टक्के लक्षणीय वाढ दिसली (`p < 0.05`)."

पेन्सिल घ्या, प्रत्येक दाव्याला क्रमांक द्या आणि समासात तो आत कुठल्या पानावर आहे ते लिहा. एका वाक्यात दोन दावे असतील तर दोन क्रमांक. तिसऱ्या वाक्यात तसे दोन आहेत: वाढ किती झाली हा एक, आणि ती वाढ संख्याशास्त्रीय चाचणीत टिकली हा दुसरा.

पहिला दावा. आत "६२" शोधलं तर काहीच सापडत नाही. तरी घाई करू नका. तक्त्यात "१२० पैकी ७४" असं आहे, भागाकार केला की ६१.७ येतात. म्हणजे आकडा खरा आहे, फक्त टक्क्यांत मांडलेला आहे. गोषवाऱ्यातला आकडा आत जसाच्या तसा नसला तरी त्याची सामग्री आत असली की पुरे.

दुसरा दावा. मुलाखतींच्या प्रकरणात १८ पैकी ५ जणांनी मजुरांचा विषय काढल्याचं लिहिलंय. विषय आत आहे, पण पाच जणांच्या बोलण्याचं "प्रमुख कारण" झालं. आकड्यांपेक्षा असे शब्द जास्त फसवतात. "प्रमुख", "बहुतेक", "मुळे", "सिद्ध झालं" यांच्याखाली रेघ मारा आणि आतलं वाक्य शेजारी ठेवून वाचा.

तिसरा दावा म्हणजे २८ टक्के. तो तक्त्यांत नाही, भागाकारानेही निघत नाही. आता प्रश्नावली उघडा. तिच्यात उत्पन्नाचा प्रश्नच नाही! किती किलो बी मिळालं हे कुणाला विचारलेलंच नसेल, तर वाढ मोजणार कशी? चौथ्या दाव्याचंही तेच. पद्धतीच्या प्रकरणात टक्केवारी आणि सरासरी एवढाच उल्लेख आहे, चाचणी एकही केलेली नाही. मग `p` आला कुठून?

आमच्या अनुभवात सगळ्यांत बोलकी खूण हीच. आकडा चुकलेला असतो तेव्हा तो मोजण्याचं साधन तरी प्रबंधात असतं. इथे निकाल आहे आणि तो देऊ शकणारं साधनच नाही.

पण लगेच एआयवर ठपका नको

माणसांकडूनही हे होतं. १९९९ साली, आजची एआय साधनं नव्हती तेव्हा, 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात एक पाहणी छापून आली होती. सहा नामवंत नियतकालिकांतले गोषवारे आतल्या मजकुराशी ताडले, तर न जुळणाऱ्या किंवा आत नसलेल्या आकड्यांचे गोषवारे नियतकालिकागणिक १८ ते ६८ टक्के निघाले. बहुधा परिषदेसाठी गोषवारा आधी लिहिला जातो, नंतर नमुने वाढतात, तक्ते बदलतात आणि गोषवारा तसाच राहतो.

दोन्हींतला फरक बऱ्याचदा उगम शोधल्यावर कळतो. आत १२० आणि गोषवाऱ्यात ११८ असेल, तर जुन्या मसुद्यात ११८ सापडतील आणि विद्यार्थी ते दाखवू शकेल. रचलेल्या आकड्याला मागचा मसुदा नसतो, वहीत नोंद नसते, एक्सेलमध्ये रकाना नसतो. तरीही ही खूण आहे, पुरावा नव्हे. आम्ही प्रतीवर "एआयने लिहिलं" असं कधीच लिहीत नाही. "आत आधार सापडला नाही" एवढंच लिहून पानाला चिठ्ठी लावतो.

शोधताना होणारे घोटाळे

आधार सापडला नाही म्हणण्याआधी शोध नीट झाला का ते पाहा. `68` टाईप केलं तर `६८` सापडेलच असं नाही, म्हणून दोन्ही अंकांनी शोधा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाईप केलेली प्रकरणं असतील तर मराठी शब्द शोधात येत नाहीत. तक्ता फोटो म्हणून चिकटवला असेल तर त्यातला आकडा संगणकाला दिसतच नाही. असे तक्ते छापून डोळ्यांनीच वाचावे लागतात.

आमच्याकडे येताना

प्रबंधासोबत प्रश्नावलीची कोरी प्रत आणि तक्त्यांची मूळ एक्सेल फाईल आणा. गोषवारा पानभराचा असेल तर ताळ्याला साधारण दोन तास लागतात, म्हणून प्रत बायंडिंगच्या आदल्या दिवशी द्या. न जुळलेला आकडा आम्ही आपल्या मनाने बदलत नाही की खोडत नाही. चिठ्ठ्या लावलेली प्रत तुमच्या हातात देतो. ती मार्गदर्शकांना दाखवा आणि दुरुस्त केलेला गोषवारा त्यांच्या सहीनिशी परत आणा, मग बांधायला घेतो.