नेफ्यातलं इलॅस्टिक का जातं?

परकराचा किंवा चड्डीचा कंबरपट्टा ताणल्यावर आतून करकर असा बारीक आवाज आला, तर आतले रबराचे धागे तुटू लागले आहेत असं समजावं. पट्टी वरून धडधाकट दिसते, कारण आपल्याला दिसतं ते पॉलिस्टरचं विणलेलं आवरण. खरा जोर त्याच्या आत शेजारी शेजारी धावणाऱ्या रबराच्या धाग्यांचा असतो, आणि हे धागे विणतानाच ताणून धरलेले असतात. धागा तुटला की त्याची टोकं आवरणात मागे सरकतात आणि तेवढा भाग पुन्हा आखडत नाही. म्हणून पट्टी सगळीकडे सारखी सैल न होता जागोजागी झोळ पडतो. पुढे धुताना पिवळट रबराचे बारीक तुकडे बाहेर येऊ लागतात.

अनेकांना वाटतं की वापरून वापरून इलॅस्टिक थकतं. पण पेटीत वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या कोऱ्या कपड्याचं इलॅस्टिकही जातं. रबराचा मुख्य वैरी म्हणजे हवेतला ऑक्सिजन. ऊन, उष्णता आणि घाम हे त्याचं काम वेगाने करून देतात.

नैसर्गिक रबराचा रेणू म्हणजे आयसोप्रीन या छोट्या घटकाच्या हजारो कड्यांची लांब साखळी. कच्च्या रबरात या साखळ्या एकमेकींवरून घसरतात. चार्ल्स गुडइयर यांनी 1839 मध्ये गंधक आणि उष्णता यांच्या साहाय्याने त्या साखळ्या जागोजागी एकमेकींना जोडण्याची युक्ती शोधली. गंधकाच्या या पुलांमुळे साखळ्यांची सलग जाळी तयार होते. ताणल्यावर ती उलगडते आणि सोडल्यावर मूळ आकारात येते. पण प्रत्येक कडीत कार्बनचा एक दुहेरी बंध असतो, आणि गंधकाने त्यांतले थोडेच वापरलेले असतात. उरलेले बंध उघडेच राहतात. त्या बंधाशेजारचा हायड्रोजन सहज सुटतो, रिकाम्या जागेवर ऑक्सिजन चिकटतो आणि पेरॉक्साइड नावाचं अस्थिर संयुग बनतं. ते फुटलं की त्याचे क्रियाशील तुकडे शेजारच्या कड्यांवर हल्ला करतात. म्हणजे बिघाड स्वतःच पुढचा बिघाड जन्माला घालतो. सुरुवातीला बराच काळ काही जाणवत नाही आणि मग इलॅस्टिक थोड्या दिवसांतच जातं, त्याचं कारण हेच.

त्यासाठी ऑक्सिजनही फार लागत नाही. रबराने आपल्या वजनाच्या 1 ते 2 टक्के ऑक्सिजन शोषला, तरी ते निकामी होतं. 100 ग्रॅम रबर आणि 1 ग्रॅम ऑक्सिजन असा हिशेब मांडला, तर साधारण 47 कड्यांमागे ऑक्सिजनचा एकच रेणू येतो. त्यातला प्रत्येक रेणू साखळी तोडत नाही. पण दोन पुलांमधलं अंतरही साधारण शंभर कड्यांच्या घरातलं असल्याने मोजक्या ठिकाणी साखळी तुटली तरी जाळीचा जोर ओसरतो.

मग रबराचाच टायर उन्हात वर्षानुवर्षं कसा टिकतो? टायर जाड असतो, त्यामुळे ऑक्सिजन आतवर पोचायला वेळ लागतो. त्यातली काजळी अतिनील किरण शोषून घेते, आणि त्यात ऑक्सिजनला अडवणारी जोरकस रसायनं घातलेली असतात. ती रसायनं कापडाला तपकिरी डाग पाडतात, म्हणून अंतर्वस्त्रांच्या पांढऱ्या इलॅस्टिकमध्ये डाग न पाडणारी सौम्य रसायनं वापरावी लागतात. काजळीही चालत नाही. शिवाय धागा अगदी बारीक असतो. 40 नंबरचे चाळीस धागे शेजारी शेजारी ठेवले की एक इंच भरतो, म्हणजे एका धाग्याची जाडी सुमारे 0.6 मिलिमीटर. एवढ्या बारीक धाग्यात ऑक्सिजन थेट गाभ्यापर्यंत पोचतो.

आता उष्णता. रसायनशास्त्रातला ढोबळ नियम असा की तापमान 10 अंश सेल्सिअसने वाढलं की अशा क्रियेचा वेग दुप्पट होतो. सावलीत 30 अंशांवर वाळणारा परकर आणि विदर्भातल्या मे महिन्यात गच्चीवर 60 अंशांपर्यंत तापलेला गडद रंगाचा परकर यांच्यात तीन दुपटींचा, म्हणजे आठपट फरक पडतो. तिथले तीन तास सावलीतल्या पूर्ण दिवसाइतके भरतात, आणि हा फक्त उष्णतेचा हिशेब झाला. अतिनील किरण पेरॉक्साइड फोडतात ते वेगळंच. कंबरपट्टा ताणून दोन बाजूंना चिमटे लावले असतील तर आणखी एक संकट येतं. वाहनांच्या धुरावर ऊन पडून जमिनीलगत ओझोन तयार होतो. ताणलेल्या रबरातले दुहेरी बंध तो थेट कापतो आणि ताणाच्या आडव्या दिशेने भेगा पडतात. सैल ठेवलेल्या रबराला त्याचा त्रास फार कमी होतो.

घामातलं पाणी आणि मीठ त्या मानाने निरुपद्रवी. त्रास देतं ते त्वचेचं तेल, आणि त्यात अंगाला लावलेल्या खोबरेल तेलाची भर. तेल रबरात शिरलं की ते फुगतं, मऊ पडतं आणि संरक्षक रसायनं त्यातून बाहेर झिरपतात. तांब्याचा अंशही घातक, कारण तांबं पेरॉक्साइड फोडण्याचं काम झपाट्याने करतं. नेफ्यात पितळी सेफ्टी पिन राहून गेली आणि घामाने हिरवी पडली, तर त्या जागेचं इलॅस्टिक आधी जातं.

बिघाड दोन तऱ्हांनी दिसतो. साखळ्या तुटत गेल्या तर रबर मऊ आणि चिकट होतं. साखळ्यांमध्ये नको तेवढे नवे पूल पडले, तर ते कडक होऊन काडीसारखं मोडतं. जुन्या रबरात बहुधा आधी चिकटपणा येतो आणि शेवटी ठिसूळपणा. पारख सोपी आहे: पट्टीवर 10 सेंटिमीटरच्या दोन खुणा करा, ती 20 सेंटिमीटरपर्यंत ताणून मिनिटभर धरा आणि सोडा. आणखी मिनिटाने अंतर 10 च्या आसपास आलं तर जाळी शाबूत आहे. 11 च्या पुढे राहिलं किंवा करकर ऐकू आली, तर पट्टी बदलायच्या यादीत टाका.

घामाचे कपडे गोळा करून ठेवू नयेत. त्याच दिवशी साध्या साबणाने, कोमट किंवा गार पाण्यात धुवावेत. क्लोरीनचं ब्लीच रबर आणि काही पट्ट्यांत त्याच्याऐवजी असणारा स्पॅन्डेक्स हा कृत्रिम ताणधागा, दोन्ही खातं. स्पॅन्डेक्सच्या साखळीत रबरासारखे दुहेरी बंध नसल्याने ओझोन त्याला फारसा बाधत नाही, पण उन्हाने तेही पिवळं पडतं. वाळत घालताना कपडा उलटा करून सावलीत, वाऱ्यावर घाला आणि चिमटा खालच्या काठाला लावा. इस्त्री नेफ्यावरून फिरवू नका.

पट्टी बदलायची असेल तर नेफ्याची शिवण तीन सेंटिमीटर उसवा. जुनी पट्टी कापून तिच्या टोकाला नवी टाचा आणि दुसऱ्या बाजूने ओढा, म्हणजे ओवण्याचा त्रास वाचतो. जुनी पट्टी चिकट होऊन तुटत असेल, तर मात्र स्टीलच्या सेफ्टी पिनने ओवा. कंबर 80 सेंटिमीटर असेल तर पट्टी 70 आणि जोडासाठी 2 सेंटिमीटर जास्त घ्या. नेफा बंद करताना सुई पट्टीतून जाऊ देऊ नका. सुईने कापलेला धागा त्याच जागी पहिल्यांदा तुटतो.