बरणीच्या फोटोवर नवा लोगो : पार्श्वभूमी

१ नोव्हेंबर 2014 पासून बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी झालं. ज्या मिठाईवाल्यांच्या, मसालेवाल्यांच्या किंवा लोणचं विकणाऱ्यांच्या लोगोतच इंग्रजीतलं गावाचं जुनं नाव आहे, त्यातल्या कुणी ते बदलायचं ठरवलं तर लेबल नव्यानं छापून मिळतं. फोटोंचं मात्र तसं नसतं. कुंदा या मिठाईच्या डब्याचा चांगला फोटो एकदाच काढलेला असतो आणि तोच बॉक्सवर, कॅटलॉगमध्ये, व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरत राहतो. ‘तेवढा लोगो बदलून द्या’ ही मागणी खानापूरपासून निपाणीपर्यंत कुठल्याही डीटीपीवाल्याच्या ओळखीची आहे. ऐकायला ती सोपी वाटते, पण करायला अवघड का, हे तिच्या मागच्या इतिहासातून नीट कळतं.

संगणक येण्याआधी हे काम कात्री, गोंद आणि ब्रश घेऊन होत असे. फोटोची मोठी प्रिंट काढायची, नव्या लोगोचं ब्रोमाइड, म्हणजे फोटोच्या कागदावरची त्याची प्रत, कापून त्यावर चिकटवायचं, कडा रंगानं किंवा एअरब्रशनं बुजवायच्या, मग सगळ्याचा पुन्हा फोटो घेऊन त्यावरून ब्लॉक किंवा प्लेट करायची. डब्याची गोलाई आर्टिस्ट हातानंच आणत असे : अक्षरं कमानीत काढायची, कडेची थोडी अरुंद करायची आणि वरून सावलीचा पातळ हात फिरवायचा. हे तीनही निर्णय डोळ्यानं घेतले जात. पुढे संगणकावर ज्या पायऱ्या आल्या, त्या याच तिघांच्या आहेत.

फोटोशॉप 1990 साली बाजारात आलं. थॉमस आणि जॉन नॉल या भावांनी ते लिहिलं. सुरुवातीच्या आवृत्त्यांत लेयर नव्हते. चिकटवलेला लोगो एकदा चित्रात मिसळला की पुन्हा उचलता येत नसे, म्हणजे सोय वाढली तरी पद्धत गोंदाचीच राहिली होती. 1994 च्या आवृत्ती 3 मध्ये लेयर आले आणि बरणी, लोगो, सावली हे वेगवेगळ्या थरांवर ठेवता येऊ लागलं. माझ्या मते या कामाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा टप्पा हाच. 2002 मध्ये आवृत्ती 7 बरोबर हीलिंग ब्रश आला, त्यामुळे जुनं पुसणं सुकर झालं. 2005 च्या सीएस2 मध्ये चित्र वाकवणारं वॉर्प आणि मूळ फाइल आत जपून ठेवणारा स्मार्ट ऑब्जेक्ट हे एकदमच आले. लोगो एकदा वाकवून बसवला की पुढच्या वेळी आतली फाइल बदलायची, बाक तसाच राहतो. आज मॉकअप म्हणून ज्या तयार फाइली मिळतात, त्यांचा पाया तो.

साधनं आली तरी गोलाईचा हिशेब चुकतो, आणि तो बहुतेक एकाच जागी चुकतो. कुंद्याचा गोल प्लास्टिकचा डबा घेऊ. फोटोत तो 1200 पिक्सेल रुंद आहे, म्हणजे त्रिज्या 600. लोगो मधल्या रेषेपासून दोन्हीकडे 60 अंशांपर्यंत गेलेला आहे. लेबल काढून टेबलावर पसरलं तर त्याच मापात लोगोची रुंदी साधारण 1257 पिक्सेल भरेल, पण फोटोत ती 1039 च दिसते. हा फरक सगळीकडे सारखा वाटलेला नसतो. मधलं अक्षर पूर्ण रुंदीचं दिसतं आणि अगदी टोकाला रुंदी निम्म्यावर येते. बरेच जण काय करतात, सपाट लोगो 1039 मध्ये बसवतात आणि `Warp` मधून नुसती कमान देतात. मग सगळी अक्षरं सारखी आवळली जातात आणि लोगो डब्यावर छापल्यासारखा न दिसता डब्यापुढे धरल्यासारखा दिसतो. वॉर्पच्या जाळीतले मधले उभे पट्टे रुंद ठेवून कडेचे अरुंद करत नेले की हे सुधारतं.

कमान किती द्यायची, हे डबाच सांगतो. कॅमेरा थोडा वर असेल तर झाकणाची कड कमी वाकलेली दिसते आणि तळाची जास्त. लोगोचा बाक या दोहोंच्या मधला हवा, आणि लोगोची खालची ओळ वरच्या ओळीपेक्षा किंचित जास्त वाकलेली हवी. दोन्ही ओळींना एकच बाक दिला की नेमकं कुठं खटकतं ते गिऱ्हाइकाला सांगता येत नाही, पण खटकतं.

आता सावली. खालच्या थराच्या उजेडानं वरचा रंग गुणून गडद करणारी मल्टिप्लायची पद्धत या कामातल्या सगळ्यांना माहीत असते. 0 ते 255 या उजेडाच्या मापावर पांढऱ्या लेबलची उजळ जागा 250 आणि सावलीतली 150 असेल, तर तिथं उजेड सहा दशांश पडलेला आहे. 120 चा मरून रंग तिथं 72 च्या आसपास दिसायला हवा, आणि मल्टिप्लाय नेमका तोच गुणाकार करतं. अडचण अशी की हा गुणाकार खालचं लेबल कोरं असेल तरच खरा ठरतो. नवा लोगो जिथं बसवायचा, तिथं जुना गडद लोगो आहे आणि त्याच्या शाईत लेबलवरची सावली बुडालेली आहे. म्हणून लोगो बसवण्यापेक्षा जुना नीट काढणं हेच खरं कौशल्याचं काम आहे.

हीलिंग ब्रशनं तो घासून काढला तर ठिपक्याठिपक्यांचे डाग राहतात आणि नव्या लोगोच्या फटींतून ते डोकावतात. उभ्या डब्यावर त्याहून चांगला उपाय आहे. अशा डब्यावर उजेड डावीकडून उजवीकडे बदलत जातो, वरून खाली फारसा बदलत नाही. तेव्हा जुन्या लोगोच्या लगेच वर लेबलची जी कोरी पट्टी असते, ती उचलून खाली ताणली की हरवलेली सावली बरीचशी परत मिळते. लोगोखालच्या पट्टीशी ती जुळते का ते पाहायचं. जुळत नसेल तर वरून खाली हलकं ग्रेडियंट द्यायचं.

चकाकीचा हिशेब याच्या उलटा. खिडकीच्या उजेडाचा उभा पांढरा पट्टा लेबलवर पडलेला असतो. मल्टिप्लाय करताना पांढऱ्यानं गुणून काहीच बदलत नाही, त्यामुळे नव्या लोगोवर तो पट्टा तुटतो. तो लोगोच्या वरच्या थरावर स्क्रीन मोडमध्ये, म्हणजे खालचं उजळ करणाऱ्या पद्धतीनं, द्यावा लागतो. त्याची जागा आणि जोर कुठून घ्यायचा? जुन्या लोगोतूनच. पांढऱ्या लेबलवर जी चकाकी दिसतही नाही, ती गडद शाईवर स्पष्ट उमटलेली असते. म्हणून जुना लोगो पुसण्याआधी त्या थराची एक प्रत बाजूला ठेवावी.

शेवटी फोटो 100 टक्के झूमवर आणून नव्या लोगोच्या कडा शेजारच्या बारीक मजकुराशी ताडून पाहायच्या. व्हेक्टर फाइलमधून आलेला लोगो कॅमेऱ्यातून आलेल्या अक्षरांपेक्षा धारदार असतो, त्यावर बारीक दाणाही नसतो. अर्ध्या-एक पिक्सेलचा ब्लर आणि थोडा नॉइज दिला की तो फोटोचा होतो.

छापील लेबलसाठी हे सगळं पुरतं. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्याच्या ओतीव भागावर उठावाची अक्षरं असतील तर पुरत नाही. तिथं प्रत्येक अक्षराला स्वतःची सावली आणि स्वतःची चमकती कड असते, जुनी सावली नव्या अक्षरांना लागू पडत नाही. पारदर्शक बाटली किंवा चंदेरी फॉइलचं लेबल असेल तरी तीच अडचण. अशा वेळी गिऱ्हाइकाला आधीच सांगावं की नव्या नगाचा नवा फोटो काढणं कमी वेळात आणि कमी पैशात होईल.